युरो घसरला तेव्हा बायरला लिहिलेलं पत्र

जुलै २०२२. युरो घसरत घसरत डॉलरच्या बरोबरीला आला, तोही वीस वर्षांत पहिल्यांदा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल कारखान्यात याचा हिशेब साधा होता. फेब्रुवारीत ४८,००० युरोची ऑर्डर घेतली तेव्हा युरो ८५ रुपयांचा होता. माल गेल्यावर नव्वद दिवसांनी पैसे आले, तेव्हा तो ८० वर होता. म्हणजे २ लाख ४० हजार रुपये कमी. त्या कंटेनरवर सुटणारा नफा साधारण तेवढाच होता.

दादा म्हणाला, "पुढच्या वेळी भाव वाढवून सांग." पण भाव वाढवला की जर्मनीतला बायर दुसरीकडे जाणार. फॉरवर्ड घ्यावा, म्हणजे बँकेशी करार करून पुढच्या तारखेचा दर आजच बांधावा, तर हे लोक शिपमेंट पुढे ढकलतात आणि करार मोडण्याचा खर्च आपल्या गळ्यात पडतो. म्हणून मी पत्र लिहायला बसलो.

नुकसानीचं रडगाणं दोन ओळींत आटोपलं, बाकी सगळा मजकूर दरातला फरक वाटून घेण्याच्या कलमाचा: "पायाभूत दर ८५. वर-खाली दोन टक्क्यांपर्यंत, म्हणजे ८३.३० ते ८६.७०, ज्याचं त्यानं सोसावं. त्यापलीकडचा फरक निम्मा-निम्मा." शेजारीच उदाहरण दिलं. दर ८० झाला, तर पट्ट्याबाहेर ३.३० रुपये; त्यातले १.६५ तुमचे. ४८,००० युरोवर ७९,२०० रुपये, म्हणजे ९९० युरो. आणि दर ९० झाला, तर तेवढेच ७९,२०० रुपये मी तुम्हाला देणार. हे दुसरं वाक्य नसतं, तर पत्र सूट मागितल्यासारखं वाटलं असतं.

दर कुठला, यावर जास्त वेळ गेला. माझ्या बँकेचा दर चालणार नव्हता, त्यात तिचं मार्जिन असतं. मग युरोपियन सेंट्रल बँक रोज जाहीर करते तो युरो-रुपया दर धरला. तो बायरलाही घरबसल्या तपासता येतो. तारीख मात्र पैसे येण्याची नाही, देय तारखेची. नाहीतर दर आपल्या बाजूला झुकेपर्यंत पेमेंट लांबवायचा मोह कुणालाही होईल.

फरक वेगळा न पाठवता पुढच्या इन्व्हॉइसच्या भावात वळता करायचा, असंही लिहिलं. जुन्या शिपिंग बिलात, म्हणजे कस्टम्सच्या निर्यात कागदात, दाखवलेल्यापेक्षा कमी-जास्त रक्कम आली की बँकेत कागदांचा घोळ होतो. आमच्या सीएनी आणखी एक बजावलं: हे कलम असलेल्या ऑर्डरवर पूर्ण रकमेचा फॉरवर्ड घेऊ नका. युरो वर गेला तर तुमचा दर बांधलेला, आणि बायरला द्यायचे पैसे मात्र तुमच्या खिशातून जातील.

बायरचं उत्तर आलं: कलम मान्य, पण पट्टा तीन टक्क्यांचा आणि फक्त नव्या ऑर्डरींना.

"म्हणजे ते अडीच लाख गेलेच," दादा म्हणाला. गेलेच. नव्या प्रोफॉर्मावर मी पायाभूत दर ८० टाकला आणि त्यावरच टॉवेलचा भाव काढला.