तीन पक्के, आणि मग शून्य

सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला शिकवणी वर्गात मी बुद्धिमत्ता चाचणी शिकवतो. शनिवारी शेवटचा तास 'अंक ओळखा'चा. गुरुजी मनात चार अंकी कोड धरतात, अंक सगळे वेगळे, शून्य कुठेही चालतं. पोरांनी अंदाज सांगायचा. अंक बरोबर जागी असला तर 'पक्का', कोडात आहे पण जागा चुकली तर 'कच्चा'. कुठला अंक पक्का हे सांगायचं नाही, फक्त किती ते सांगायचं. एकूण कोड ५०४०.

त्या दिवशी कोड माझ्या सहकाऱ्यांनी धरला होता. पोरांचं काम सोपं व्हावं म्हणून पहिला अंदाज त्यांनीच फळ्यावर लिहिला: ४७२१, तीन पक्के, कच्चा एकही नाही. वर्गात एकच जल्लोष. आता काय, एक अंक बदलला की झालं! मुलांचा एक गट, मुलींचा एक, आणि पहिला धरून प्रत्येकी पाच अंदाज.

खरं तर हे उत्तर जितकं गोड, तितकं फसवं. बिघडलेली जागा चारांपैकी कुठलीही, आणि तिथला अंक ०, ३, ५, ६, ८, ९ यांपैकी कुठलाही. म्हणजे २४ कोड शिल्लक.

मुलांनी ४७२० विचारलं. दोन पक्के, कच्चा एकही नाही. म्हणजे शेवटचा १ बरोबर होता आणि ० बाद, पण १५ कोड अजून उभेच. मग ४७३१ ला तीन पक्के आले आणि तिसरी जागा सापडली. पुढे ४७५१, ४७६१... पाच अंदाज संपले, कोड हाती नाही. तिसरी जागा तिसऱ्याच अंदाजात सापडणं हेही त्यांचं नशीबच.

मुलींच्या गटात यंत्रमाग कामगाराची एक मुलगी आहे. घरी तेलुगू, वर्गात मराठी, आणि बोलायला कंजूष. तिने सांगितलं: ४०७३. सहकारी हसले. "अगं, हातातले तीन पक्के सोडून कुठं चाललीस? हे उत्तर असूच शकत नाही." ती म्हणाली, "माहीत आहे की सर. उत्तर नाही, विचारतेय."

एक पक्का, एक कच्चा.

आता तिचा कागद बघा. पहिली जागा बिघडली असती तर ४ गेला असता आणि पक्का आलाच नसता. म्हणून ४ जागेवर. दुसरी बिघडली असेल तर ७ नाही, मग कच्चा म्हणजे ३, आणि कोड ४३२१. नाहीतर कच्चा तो ७, ० आणि ३ दोन्ही बाद, आणि बिघाड तिसऱ्या किंवा चौथ्या जागी, ५, ६, ८, ९ पैकी एकाचा. एक आणि आठ, नऊ कोड.

पुढचा अंदाज ६३२५. हाही उत्तर नव्हेच. २ त्याच्याच जागी ठेवला, तो पक्का आला नाही तर तिसरी जागा बिघडलेली. ५ आणि ६ चाचपायला, ३ त्या एकट्या ४३२१ साठी. उत्तर काहीही आलं तरी दोनाहून जास्त कोड उरत नाहीत. मी रात्री एकेक करून तपासलं.

उत्तर आलं शून्य. पक्का नाही, कच्चा नाही. मुलांनी टाळ्या पिटल्या. ती मात्र खूश होती, कारण शून्याने तिला तिसरी जागा दिली आणि ८ किंवा ९ एवढंच ठेवलं. ४७९१ चुकलं, पाचवा अंदाज ४७८१, आणि कोड फुटला.

खटकलं ते नंतर. सहकाऱ्यांच्या गुणपत्रिकेत एक अट आहे: प्रत्येक अंदाज आधीच्या सगळ्या उत्तरांशी जुळला पाहिजे. मुलीच्या दोन अंदाजांचे गुण कापले. ज्यांना कोड सापडलाच नाही त्यांना मात्र शिस्तीचे पूर्ण गुण. आमच्याकडे तपासायला सोपं ते शिकवायची खोड जुनीच आहे.

अट अगदीच वेडी नाही. सुरुवातीला, कोड हजारांत असताना, जुळणारा अंदाज बहुतेक वेळा चांगलाच असतो, आणि न जुळणारा अंदाज टाकणारी निम्मी पोरं नुसती गोंधळलेली असतात. पण एकच जागा आणि तिच्यासाठी पाच-सहा अंक उरले, की जुळणारा अंदाज फक्त हो-नाही सांगतो. रंगीत खुंट्यांच्या मास्टरमाइंडमध्ये संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी १२९६ पैकी कुठलाही कोड पाच चालींत शोधायची रीत दिली. तीतही काही चाली अशाच, उत्तर होऊ न शकणाऱ्या आहेत.

मी चोवीसही कोड आणि प्रत्येकाला ४०७३ चं काय उत्तर येतं ते लिहून सहकाऱ्यांपुढे ठेवलं. सगळ्यांत वाईट पडला तरी नऊ कोडांचा ढीग, आणि पाचात सगळे सुटतात. ते म्हणाले, "पटलं, पण तिने विचार करून विचारलं की सहज, हे मी पेपर तपासताना कसं ओळखू?"

मी म्हटलं, अंदाजाशेजारी किती कोड उरले ते लिहायला सांगा. तपासायला वेळ लागेल, म्हणाले. गुण अजून तसेच आहेत.