‘तिखट आहे, पण...’

2016 साली नागपुरातल्या महाल भागात, घराच्या मागच्या खोलीत आम्ही सावजी मसाला करायला लागलो. पाकिटावर काय छापायचं याबद्दल मला शंकाच नव्हती. ‘अस्सल’, ‘परंपरा’, ‘भिवापुरी मिरची’ आणि वर मोठ्या लाल अक्षरांत ‘नागपुरी जाळ’. आपल्याकडे तिखट खाणं मानाचं. गिऱ्हाईक आपल्याकडे त्या तिखटासाठीच येतं, असं मी धरून चाललो होतो.

इतवारीतल्या दुकानांमधून विक्री बरी चालली. पुढे ऑनलाइन विकायला लागलो, तशी लोकं अभिप्राय लिहू लागली. मी फक्त तारे बघायचो. चारच्या वर आहेत ना, मग झालं.

अभिप्राय खऱ्या अर्थाने वाचले ते माझ्या बायकोने. तिने शाळेची दोनशे पानी वही घेतली आणि 186 अभिप्राय जसेच्या तसे उतरवले. सारांश केला नाही, शुद्धलेखनही सुधारलं नाही. डाव्या पानावर पाकिटावरचे आमचे शब्द, उजव्या पानावर गिऱ्हाइकांचे. मग एकेक शब्द किती जणांनी वापरला ते मोजलं. ‘अस्सल’ तिघांनी लिहिलं होतं. ‘परंपरा’ एकानेही नाही. ‘तिखट’ मात्र 58 ठिकाणी होतं, आणि ते बघून मला समाधान वाटलं.

ती म्हणाली, “अहो, पुढचा शब्द वाचा ना.”

58 पैकी 41 ठिकाणी ‘तिखट’च्या मागोमाग ‘पण’ होता. “तिखट आहे, पण दुसऱ्या दिवशी त्रास झाला नाही.” “तिखट आहे, पण मटणाची चव मरत नाही.” “तिखट आहे पण वास काय सुटतो!” म्हणजे तिखट लोक चालवून घेत होते आणि कौतुक करत होते ते ‘पण’नंतरच्या गोष्टीचं. ती गोष्ट भाजण्यातून येते. खसखस चटकन करपते, सुक्या खोबऱ्याला तेल सुटतं, धणे आणि दगडफुलाला वेगवेगळी आच लागते. म्हणून आम्ही प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजतो. एक जरी करपला तरी सगळा मसाला कडू होतो. या कामात आमचा अर्धा दिवस जातो, आणि पाकिटावर त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. आम्हाला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

दोन आणि तीन तारेवाले अभिप्राय सर्वांत उपयोगी पडले. पाच तारेवाला खूश असतो, एक तारेवाला बरेचदा फुटलेल्या पार्सलवर चिडलेला असतो. मधला माणूस नेमकं काय झालं ते लिहितो. “चव छान, पण चार चमचे घातले तर मुलांनी हातही लावला नाही.” असे बरेच होते, बहुतेक पुण्या-मुंबईचे. मिरची कमी करावी का, असा प्रश्न घरात उठला. मी नको म्हटलं, कारण तक्रार करणारा त्याच वाक्यात चवीला चांगलं म्हणत होता. मसाला चुकला असता तर चवीलाही नावं ठेवली असती. चुकत होतं ते प्रमाण. नागपुरात सावजी रस्सा करणारा मसाला अंदाजाने घालतो, म्हणून आम्ही प्रमाण कधी छापलंच नाही. पाकीट मात्र जात होतं पहिल्यांदाच रस्सा करणाऱ्याच्या हातात.

ऑनलाइन पाकिटावरून ‘जाळ’ काढला. ‘मंद आचेवर, वेगवेगळा भाजलेला’ असं पुढे आलं. मागे छापलं: अर्धा किलो मटणाला सपाट दोन चमचे, तिखट हवं तर तीन. मसाला तोच. तीन महिन्यांनी पुन्हा मोजलं, तेव्हा तिखटाची तक्रार अगदी तुरळक उरली होती.

मध्ये एक चूक झाली. पार्सलमध्ये “भाजल्याचा वास कसा वाटला?” अशी चिठ्ठी टाकली, आणि जो तो वासाबद्दलच लिहू लागला. आमचाच शब्द आमच्याकडे परत येत होता. ते दोन महिन्यांचे अभिप्राय मोजणीतून बाद केले. आता चिठ्ठीत विचारतो, “काय केलंत, कोणासाठी केलंत?”

दुसरं असं, की अभिप्राय लिहिणारा म्हणजे सगळं गिऱ्हाईक नव्हे. नवं पाकीट इतवारीत ठेवलं, तर जुने दुकानदार विचारू लागले, “भाऊ, मसाला बदलला का? जाळ कुठे गेला?” त्यांची गिऱ्हाइकं कुठेच काही लिहीत नाहीत, पाकीट आवडलं नाही तर मुकाट्याने दुसरं उचलतात. इतवारीसाठी आम्ही लाल ‘जाळ’ परत आणला. एकाच कढईतला मसाला आता दोन पाकिटांत जातो.

बायकोची सध्या तिसरी वही चालू आहे. गेल्या आठवड्यात तिने एक ओळ उतरवली: “आईला फोन न करता पहिल्यांदा जमलं.” डाव्या पानावर तिच्यासमोर लिहायला आमच्याकडे अजून शब्द नाही.