मोटारखोलीच्या भिंतीवरचा सराव

आमचे गाव चोपडा तालुक्यात, तापीच्या काठच्या केळीच्या पट्ट्यात आहे. नववीत असताना शाळेच्या सतरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल संघात जायचे मी ठरवले होते, पण घरी ते सांगितले नव्हते. आमच्या घरात मुलीने कबड्डी किंवा खो-खो खेळण्याला हरकत नव्हती. अर्ध्या चड्डीत मैदानभर चेंडूमागे धावणे मात्र मोठ्या काकांना मान्य झाले नसते. शिवाय शाळेत नव्या मुलीला चेंडू नीट थांबवता आला नाही, तर तिला गोलात उभे करत किंवा राखीव खेळाडूंत बसवत. म्हणून निवडीला जाण्यापूर्वी निदान एक गोष्ट पक्की यायला हवी असे मला वाटे, आणि ती म्हणजे पहिला स्पर्श, अंगावर आलेला चेंडू पाय लागताच ताब्यात घेणे.

सरावाला जागा मिळाली ती शेतातल्या मोटारखोलीची. शेतीची वीज पहाटे यायची त्या आठवड्यात आजी बागेला पाणी सोडायला जाई आणि मी सोबतीला जात असे. मोटार सुरू झाली की तिच्या घरघरीत भिंतीवर आपटणाऱ्या चेंडूचा आवाज रस्त्यापर्यंत पोहोचत नसे. चेंडू मामेभावाचा जुना, पाच नंबरचा होता. बांधावरच्या बाभळीच्या काट्याने तो एकदा बसला, तेव्हा चांभारकाकांनी एका बाजूची शिवण उसवून आतला ब्लॅडर काढून दिला, सायकलच्या दुकानात त्याला ठिगळ लावून घेतले आणि चांभारकाकांनीच तो पुन्हा शिवला. हवा मी थोडी बेताचीच ठेवत असे, कारण टणक चेंडू भिंतीवरून इतका उसळतो की शिकणाऱ्याच्या पायाला तो समजून घ्यायला वेळच मिळत नाही.

भिंतीपासून पाच पावलांवर उभे राहून पायाच्या आतल्या बाजूने चेंडू मारायचा आणि परत आलेला चेंडू त्याच बाजूने थांबवायचा, एवढाच आरंभीचा सराव होता. मारताना टेकलेला पाय चेंडूच्या शेजारी, बोटे भिंतीकडे आणि मारणाऱ्या पायाचा घोटा घट्ट हवा. घोटा सैल राहिला की चेंडू तिरका जातो. थांबवताना मात्र पाय ताठ ठेवून चालत नाही. केळीचा घड खांद्यावर घेताना गडी जसा गुडघ्यात किंचित वाकून भार झेलतो, तसा चेंडू टेकतो त्याच क्षणी पाय थोडा मागे न्यावा लागतो. हे साधले की नाही हे लगेच कळते: ताठ पायावरून चेंडू दोन हात लांब उडतो, आणि नीट झेललेला चेंडू पुढच्या पावलाच्या टप्प्यात राहतो. उजव्या पायाने हे जमल्यावर मी डाव्या पायाला तेवढाच वेळ देऊ लागले. त्यानंतर चेंडू जागच्या जागी न थांबवता, पहिल्याच स्पर्शात तो डावीकडे किंवा उजवीकडे मोकळ्या जागेत घ्यायला शिकले.

पण भिंत अंगावर धावून येत नाही, आणि तिच्यासमोर नजर चेंडूवरच खिळते. सामन्यात चेंडू पायाशी येण्याआधीच आपल्या मागे कोण आहे ते पाहिलेले असावे लागते. हा तिढा आजीमुळे सुटला. पाण्याची पाळी बदलून ती एकदा खोलीमागून आली आणि म्हणाली, “काय करी ऱ्हायनी व पोरी?” मी सगळे खरे सांगितले. तिने ऐकून घेतले, घरी काही बोलली नाही, आणि पुढे माझ्या विनंतीवरून ती माझ्या मागे उभी राहून हाताची बोटे दाखवू लागली. चेंडू भिंतीवर जाऊन परत येईपर्यंत मी खांद्यावरून मागे पाहायचे, बोटे किती ते मोठ्याने सांगायचे आणि मग चेंडू घ्यायचा. सुरुवातीला बोटे बरोबर सांगितली की चेंडू निसटे. सवय झाल्यावर दोन्ही जमू लागले. सगळ्या सरावात मला सर्वाधिक उपयोगी पडले ते हेच.

निवडीच्या दिवशी क्रीडाशिक्षक सरांनी प्रत्येकीकडे चेंडू ढकलला आणि पाठीमागून एक मुलगी अंगावर सोडली. ती उजवीकडून येते आहे हे मी आधीच पाहिले होते, म्हणून डाव्या पायाने चेंडू दुसऱ्या बाजूला घेऊन मी निघाले. लांब फटका आणि डोक्याने मारलेला चेंडू मला येत नव्हता, कारण मी त्यांचा सराव केलाच नव्हता. सरांनी तसे स्पष्ट सांगून मला मधल्या फळीत उजव्या बाजूला घेतले.

तालुकास्तरीय सामन्यांसाठी पालकांची सही लागणार होती, त्यामुळे घरी सांगणे आले. संमतिपत्र आजीनेच बाबांपुढे ठेवले. काका गप्प होते. बाबांनी चेंडू कुठे शिकलीस असे विचारले, दुसऱ्या पहाटे ते स्वतः मोटारखोलीपाशी येऊन पाहून गेले आणि त्यानंतर त्यांनी सही केली.