नुसता हात फिरवायचा होता

संपादनाचं काम करते, त्यामुळे "अगं फक्त हलका हात फिरव, बाकी सगळं ओके आहे" हे वाक्य महिन्यातून चार वेळा तरी ऐकते. त्या दिवशी पण तेच. घरी अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची काळजी कशी घ्यायची याची चौदा पानांची पुस्तिका, लिहिणाऱ्या एक अनुभवी नर्स (त्यांना मी सिस्टरच म्हणते), मजकूर डॉक्टरांनी तपासून दिलेला, आणि माझ्याकडे एक दिवस. संध्याकाळपर्यंत फाईल लेआउटला.

सकाळी एकदा सलग वाचली आणि खरंच चुका नव्हत्याच. माहिती बरोबर, प्रकरणांचा क्रम ठीक, शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरं. पण वाचताना घशात अडकत होतं. नमुन्यादाखल तिसऱ्या पानावरचं हे बघा: "रुग्णाचे पार्श्वपरिवर्तन करतेवेळी दूरस्थ गुडघा वाकविण्यात यावा व स्कंध तसेच कटिप्रदेश यांस आधार देऊन रुग्णास स्वतःच्या दिशेने वळविण्यात यावे." म्हणजे काय, तर पेशंटला कुशीवर वळवा. आता हे वाचणार कोण, तर रात्री दोन वाजता एकटी मुलगी, जिचे वडील पलंगावर आहेत आणि जिला आत्ता कळायला हवंय की हात कुठे धरू.

तर प्रश्न असा की हलका हात फिरवायचा की पहिल्यापासून लिहायचं. दोन्हीत धोका असतो. हात फिरवून भागलं नाही तर ठिगळं लावल्यासारखं दिसतं, तीन वाक्यं बोलकी आणि चौथं परत सरकारी. आणि पूर्ण लिहायला घेतलं तर वेळ जातोच, शिवाय डॉक्टरांनी तपासलेला मजकूर आता न तपासलेला होतो, हे लोक विसरतात. माझा वेग सांगायचा तर हात फिरवायचा असेल तर तासाला हजार शब्द होतात, नव्याने लिहायचं तर तीनशेच्या वर जात नाही. पुस्तिका पाच हजार शब्दांच्या आसपास. म्हणजे सगळं नव्याने लिहिणं त्या दिवशी शक्यच नव्हतं, हे आधीच कबूल करते.

अशा वेळी मी एक पान घेते आणि त्याच्यावर प्रयोग करते. तिसरं पान घेतलं, घड्याळ लावलं, आणि प्रामाणिकपणे फक्त हात फिरवला. "करण्यात यावे" चं "करा", "सदर" उडवलं, "च्या माध्यमातून" चं "ने", पार्श्वपरिवर्तनाचं कूस बदलणं. पंचवीस मिनिटं. बावीस वाक्यांपैकी सतरा वाक्यांना हात लागला. मग मोठ्याने वाचून बघितलं तर शब्द सोपे झालेले पण पान तसंच ताठ! इस्त्री मोडलेल्या शर्टाची बटणं अजून चुकीच्या काजांत, असं काहीतरी.

माझा जुना हिशोब असा होता की अर्ध्याहून जास्त वाक्यांना हात लागत असेल तर पॉलिश सोडा, नव्याने लिहा. म्हटलं झालं, सतरा म्हणजे खूप झाले. पण खात्रीसाठी नववं पान पण घेतलं, खाण्यापिण्याचं. तिथे वीसपैकी पंधरा वाक्यांना हात लागला, म्हणजे जवळजवळ तेवढंच, आणि तरी दहा मिनिटांत पान एकदम मऊ झालं, वाचताना कुठे अडखळायला होईना. आता आली का पंचाईत. आकडा सारखा, निकाल वेगळा, म्हणजे माझा इतक्या वर्षांचा हिशोबच कच्चा होता.

दोन्ही पानं शेजारी ठेवून बघत बसले. नवव्या पानावर मी वाक्यं बदलली होती पण एकही वाक्य वर-खाली सरकवलं नव्हतं. आधी पेशंटला टेकून बसवा, मग लहान घास, मग गिळला का बघा, मग पुढचा घास, आणि जेवण झाल्यावर लगेच आडवं करू नका. सिस्टरनी ते ज्या क्रमाने करतात त्याच क्रमाने लिहिलं होतं, फक्त अंगात कडक कपडे घातले होते. तिसऱ्या पानावर मात्र मला सारखं वाटत होतं की हे वाक्य वर न्यावं, ते खाली. आणि बघितलं तर क्रम असा: कूस बदलण्याचं उद्दिष्ट, मग तत्त्व, मग काय काय टाळावे, आणि सगळ्यात शेवटी प्रत्यक्ष काय करायचं. हा वर्गात शिकवायचा क्रम झाला. करणाऱ्याच्या हातांचा क्रम उलटा असतो. तिथल्या ताठरपणाचं मूळ मांडणीत होतं, "करण्यात यावे" नुसतं वर दिसत होतं, आणि शब्द कितीही बदलले तरी मांडणी जागची हलत नाही.

मग सिस्टरना फोन केला. म्हटलं, "सिस्टर, पुस्तिका बाजूला ठेवा, मी घरची माणूस आहे असं समजा आणि कूस कशी बदलायची ते सांगा." तर त्या सुरूच झाल्या, "अगं सोपं आहे, तू ज्या बाजूला त्याला वळवणार ना त्या बाजूला उभी राहा. त्याचा पलीकडचा हात छातीवर घे, पलीकडचा गुडघा वाकव, मग एक हात त्या पलीकडच्या खांद्यावर आणि एक हात पलीकडच्या कमरेवर ठेव आणि आपल्याकडे घे, ओढायचं नाही हां, लोळवायचं, चादरीवरून घासत नेलंस तर कातडी सोलवटते." मी टाईप करतच होते. पंधरा मिनिटांत तिसरं पान जवळजवळ तयार! म्हणजे बाईंना लिहिता येत नव्हतं असं नाहीच, त्यांनी स्वतःच्या ट्रेनिंगच्या नोट्स समोर ठेवून लिहिलं होतं आणि नोट्सचा आवाज मजकुरात उतरला होता.

आता तिसरं पान असं जमल्यावर हुरूप आला आणि तिथेच मी माती खाल्ली. चौथं पान बेडसोअरचं. म्हटलं हे पण मूळ न बघता, डोक्यात राहिलेल्या मजकुरावरून लिहू, त्याने भाषा मोकळी येते. आणि खरंच येते, ही युक्ती मी अजूनही वापरते. मोकळं, घरगुती, छान लिहिलं. "पाठीची, टाचांची, माकडहाडाची कातडी रोज बघा, कोरडी किंवा लालसर वाटली तर हलक्या हाताने तेल लावून चोळा." वाचायला किती गोड.

आणि साफ चूक. मूळात दोन वेगळी वाक्यं होती, मध्ये एक अख्खा परिच्छेद. कोरड्या त्वचेला मॉइश्चरायझर लावा हे एक, आणि लालसर झालेल्या, हाडाच्या वरच्या जागेवर मालिश करू नका हे दुसरं, कारण दाबाने आधीच दुखावलेल्या कातडीला चोळून आणखी इजा होते. माझ्या डोक्यात दोन्ही एकत्र झाली आणि "नका" गळून पडलं. सिस्टरना पान वाचून दाखवलं तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "थांब थांब, हे कोणी लिहिलं?" मी लिहिलं सिस्टर, मीच.

त्या ताठर मसुद्यात ही चूक होऊच शकली नसती, हे पण खरं. "लालसर भागावर मालिश करण्यात येऊ नये" हे वाक्य कितीही कागदी असलं तरी त्यात कुठे काय करायचं नाही हे खिळ्यासारखं ठोकलेलं आहे. पुनर्लेखनात असल्या "नये", "शक्यतो", "साधारणपणे" या बारक्या गोष्टी पहिल्या जातात, कारण बोलताना आपण त्या खातोच. अजून एक सापडलं मग. मूळात होतं "साधारणतः दर दोन तासांनी कूस बदलावी, गादीच्या व रुग्णाच्या स्थितीनुसार अंतर बदलू शकते", आणि माझ्या तिसऱ्या पानात नुसतं "दर दोन तासांनी". सोपं झालं खरं, पण डॉक्टरांनी जाणूनबुजून ठेवलेली अट गेली.

म्हणून पद्धत बदलली, तीच आजपर्यंत आहे. नव्याने लिहायच्या पानातली प्रत्येक स्वतंत्र गोष्ट आधी एका कागदावर उतरवायची, अटींसकट, भाषेकडे न बघता. चौथ्या पानाच्या अकरा गोष्टी निघाल्या. मग मूळ फाईल बंद करून लिहायचं, आणि लिहून झाल्यावर एकेका गोष्टीवर टिक. दुसऱ्यांदा लिहिलेल्या पानात नऊच टिक झाल्या! राहिलेल्या दोनातली एक तर अगदी महत्त्वाची, लाल डाग बोटाने दाबून सोडला तर पांढुरका होतो का ते बघायचं, तसाच लाल राहिला तर ती बेडसोअरची सुरुवात धरायची. शिवाय सिस्टरनी फोनवर एक भर घातली जी मूळातही नव्हती, की सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, तिथे हात लावून बघायचं, आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागतं का. ती डॉक्टरांना विचारून घातली.

दुपारी दोनपर्यंत वाटणी ठरली. ज्या पानावर वाचणाऱ्याने हातांनी काही करायचंय आणि क्रम वर्गातला आहे, ती नव्याने. अशी पाच निघाली: कूस बदलणं, बेडसोअर, अंथरुणातच चादर बदलणं, अंग पुसणं, पलंगावरून खुर्चीत घेणं. क्रम बरोबर पण भाषा कडक, अशी सात, त्यांच्यावर फक्त हात फिरवला. आणि दोन पानांना बोट लावलं नाही, औषधांचं आणि "ताबडतोब डॉक्टरांना कळवा" वालं. ती ताठच बरी वाटली मला. तिथे वाचणाऱ्याने गप्पांच्या सुरात वाचू नये, थांबून एकेक ओळ वाचावी, असंच हवं होतं.

एक अडचण उरली जी आधी लक्षात आली नव्हती, की पाच पानं सिस्टरच्या बोलण्यातली आणि सात माझ्या इस्त्रीतली, सांधा दिसायला लागला. एका पानावर "तुम्ही त्याला वळवा", पुढच्यावर "रुग्णाला भरवावे". म्हणून शेवटचा तास फक्त एकच काम, या बारा पानांवर सगळीकडे "तुम्ही" आणि "पेशंट", आणि प्रत्येक सूचना "करा" ने संपणारी. बाकी काही नाही. तेवढ्याने सांधा बराच बुजला, पूर्ण नाही.

संध्याकाळी नव्याने लिहिलेली पाचच पानं डॉक्टरांकडे परत गेली, बदल रंगवून, कारण चौदा पानं पाठवली असती तर त्यांनी एकही नीट वाचलं नसतं. त्यांनी एक शब्द बदलला. सिस्टरनी दोन, आणि त्यातला एक म्हणजे तिसऱ्या पानाचं शीर्षक. मी "कूस बदलताना" केलं होतं, त्यांनी खाली बारीक अक्षरात पार्श्वपरिवर्तन परत घातलं. म्हणाल्या, "असू दे गं, हॉस्पिटलच्या कागदावर हाच शब्द येतो, मुलीला कळायला नको का." ठेवलं मग.