पल्ला ५ मिमी बाहेर आला त्या दिवशी

जूनचा पहिला आठवडा होता, पाऊस अजून टेकला नव्हता. नागपुरात प्रताप नगरातल्या एका जुन्या घरी आम्ही तीन खोल्यांचे नवे पल्ले बसवायला गेलो. चौकटी जुन्याच ठेवायच्या होत्या. तीस वर्षांचं सागवान, कुठे कीड नाही, कुठे पिळा नाही. ते काढणं म्हणजे पाप. पल्ले, बिजागऱ्या आणि कुलपं घरमालक काकांनी आधीच घेऊन ठेवली होती. आम्हाला फक्त बसवायची होती.

पहिला पल्ला उंची-रुंदीला तासून चौकटीत टेकवला आणि पोरगा म्हणाला, "भाऊ, हा तर बाहेर येऊन राहिला."

चौकटीच्या तोंडावर पट्टी आडवी धरली. पल्ला चांगला ५ मिमी पुढे होता. खाली पाचर नव्हती, मागे पतामात रंगाचा गोळा नव्हता, म्हणजे घोळ मापातच होता.

चौकटीत पल्ला बसायला जी पायरी काढलेली असते ती पताम. तिची खोली भिंतीच्या जाडीच्या दिशेने मोजायची. इथे ती ३२ मिमी होती, सुतारी भाषेत दहा सूत, म्हणजे सव्वा इंच. जुने पल्ले सव्वा इंचीच होते, त्यामुळे तीस वर्षं सगळं एका पातळीत बसलं होतं. नव्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर होतं '३५ मिमी फ्लश डोअर, दोन्हीकडून मायका'. मायका १ मिमीचा, दोन बाजूंचे २, म्हणजे तयार पल्ला ३७. ३७ मधून ३२ गेले, उरले ५. चिठ्ठीवर उंची-रुंदी अगदी सुतावर लिहिली होती, पण पतामाची खोली कोणी मोजलीच नव्हती.

"जाड पल्ला म्हणजे मजबूत नं भाऊ?" काकांनी विचारलं. पल्ला मजबूत असतो, यात वाद नाही. पण त्याची जाडी ठरवायची ती चौकटीच्या पतामावरून, आणि बिजागरी न् कुलूप त्यानंतर.

काकांचं म्हणणं, ५ मिमीच आहे, राहू द्या तसंच. दिसायला मलाही फारसं वाईट वाटलं नसतं. अडचण बिजागरीची होती, म्हणून एक बिजागरी पल्ल्याच्या कडेवर ठेवून त्यांना दाखवली. आणलेली बिजागरी ५ इंची, उघडून सपाट केली की ७५ मिमी रुंद. म्हणजे मधल्या खिळीपासून प्रत्येक पान साडेसदतीस मिमी. पल्ल्याच्या कडेत पान बसवताना मागच्या बाजूला ६ मिमी लाकूड तरी सोडावं लागतं, नाहीतर पटाशी मारताना किंवा स्क्रू आवळताना ती धार उडते. ३७ च्या पल्ल्यात ६ सोडले की पान ३१ मिमी आत जातं आणि खिळी पल्ल्याच्या तोंडापासून साडेसहा मिमी बाहेर राहते. पल्ला आणि चौकट एका पातळीत असतील तर चौकटीतही पान तितकंच, ३१ मिमी, आत जातं.

आता पल्ला ५ मिमी पुढे ठेवला तर दोनच वाटा राहतात. खिळी पल्ल्याच्या हिशेबाने ठेवली तर चौकटीत पान २६ मिमीच बसतं, आणि बाहेरच्या ओळीचे स्क्रू चौकटीच्या काठाकडे ५ मिमी सरकतात. जुनं सागवान कोरडं ठक्क झालेलं असतं. काठाजवळ स्क्रू आवळला की रेषेत चिरतं. खिळी चौकटीच्या हिशेबाने ठेवली तर पल्ल्यात पान ३६ मिमी जातं आणि मागे उरतं १ मिमी. तो तर मायकाच झाला! काकांनी स्वतः पट्टी लावून मोजलं आणि मग काही बोलले नाहीत.

वजनाचाही मुद्दा होता. ७ फूट बाय ३ फुटांचा, ३५ मिमीचा भरीव फ्लश पल्ला मायक्यासकट ४० ते ४५ किलोच्या घरात जातो. एवढं वजन काठावरच्या स्क्रूंवर टांगलं की सहा महिन्यांत वरची बिजागरी ढिली पडते, पल्ला कुलपाच्या बाजूने खाली बसतो आणि मग लोक कुलपाला दोष देतात. पाच इंची, ३ मिमी जाड पानाच्या तीन बिजागऱ्या काकांनी आणल्या होत्या, ती निवड बरोबर होती. पण स्क्रूला धरायला लाकूड हवं.

पल्ले मापाने बनवून घेतलेले, दुकानदार परत घेणार नव्हता. एक उपाय म्हणजे चौकटीच्या तोंडावर ६ मिमीची सागवानी पट्टी चिकटवून पताम खोल करणं. तो मला पटत नाही, कारण बिजागरीचा बाहेरचा स्क्रू नेमका त्या पट्टीत येतो आणि वजन गोंदावर जातं. दुसरा उपाय, पतामच मागे सरकवायचा. चौकटीची खोली इथे कामाला आली. बाजारात जिला ५ बाय अडीच म्हणतात ती चौकट रंधून प्रत्यक्षात ११८ मिमी भरली. त्यातला पताम ३२ वरून ३८ केला तरी मागे ८० मिमी लाकूड राहतं.

दोन खोल्यांना तेच केलं. आधी पतामातले रंगाचे थर खरवडून काढले, कारण रंगाखाली जुना खिळा दडलेला असला तर कटर जातो. मार्किंग गेजने चौकटीच्या तोंडापासून ३८ वर रेघ मारली. राउटरने दोन-दोन मिमीचे तीन हात घेतले. एकदम ६ घेतलं तर उभ्या रेषेचं सागवान ढलप्या सोडतं. वरच्या दोन कोपऱ्यांत आणि खाली फरशीजवळ राउटर पोचत नाही, तिथे पटाशीशिवाय इलाज नाही. प्रत्येक चौकटीला अडीच-तीन तास गेले. ३८ का, ३७ का नाही? १ मिमी रंगाला आणि पल्ला आपटू नये म्हणून लावायच्या रबरी ठिपक्याला. जुन्या चार इंची बिजागऱ्यांच्या खाचा लांबीला एक इंच वाढवल्या आणि जुनी भोकं सागाच्या खुंट्या गोंद लावून ठोकून बुजवली. तसं न करता जुन्याच भोकात जाड स्क्रू फिरवणारे पुष्कळ पाहिलेत.

कुलपं मॉर्टिस होती, म्हणजे पल्ल्याच्या कडेत खाच करून आत बसवायची. त्यांची पेटी १६ मिमी जाड आणि पुढची पट्टी २४ मिमी रुंद. ३७ च्या पल्ल्यात पेटीच्या दोन्ही बाजूंना साडेदहा मिमी लाकूड राहतं, म्हणजे ऐसपैस. फक्त किल्ली जिथे घालतात तो सिलेंडर चुकला होता. त्याची लांबी काढायची तर पल्ल्याची जाडी अधिक दोन्हीकडच्या हँडल-प्लेटची जाडी. प्लेट १० मिमीची होती, म्हणून ३७ अधिक २० बरोबर ५७, त्याला ६० चा सिलेंडर लागतो. सेटमध्ये निघाला ७० चा. तो दोन्ही बाजूंना साडेसहा मिमी बाहेर डोकावला असता, हाताला लागला असता. न लावलेलं सामान होतं, म्हणून इतवारीतल्या दुकानाने बदलून दिलं.

तिसरी खोली गॅलरीची, आणि खरी गंमत तिथे होती. त्या चौकटीला दोन पताम. आतून पल्ल्याचा ३२ चा, बाहेरून डासांच्या जाळीच्या पल्ल्याचा २५ चा. ११८ मधून दोन्ही गेले की मध्ये ६१ मिमी उरतात. दोन्ही पल्ले लावले की त्यांच्यामधली मोकळी जागा तेवढीच. काकांनी घेतलेलं हँडल पल्ल्यापासून ५८ मिमी बाहेर येतं. म्हणजे आजच्या घडीला ३ मिमी सुटतात. पताम ३८ केला असता तर मध्ये ५५ राहिले असते आणि दार लावताना हँडलचा दांडा थेट जाळीत घुसला असता. दांडा आतल्या बाजूला वळलेला असतो, त्यामुळे तो जाळीच्या लाकडी चौकटीवर नाही, मधल्या जाळीवरच येतो. दोन दिवसांत तिथे भोक.

शिवाय गॅलरीचं दार भिंतीला पूर्ण चिकटेपर्यंत उघडायचं होतं, आणि चौकटीभोवतीचं मोल्डिंग १८ मिमी उंच होतं. पूर्ण उघडल्यावर पल्ला आणि चौकटीच्या तोंडात किती फट राहते ते बिजागरीच्या रुंदीतून निघतं. ७५ मधून पानाच्या शिरकावाची दुप्पट वजा करायची. ३७ च्या पल्ल्यात ३१ ची दुप्पट ६२, फट उरते १३, मोल्डिंग अडणारच. ३२ च्या पल्ल्यात पान २६ जातं, दुप्पट ५२, फट २३; मोल्डिंग सुटतं. आधीच्या दोन खोल्यांची दारं नव्वद अंशांवरच बाजूच्या भिंतीला टेकतात, म्हणून तिथे १३ चालले.

हे सगळं काकांना जाळीचा पल्ला लावून, हँडल हातात धरून दाखवलं. पंधरा मिनिटं गेली, पण मग ते स्वतःच म्हणाले, "याच्यासाठी दुसरा पल्ला मागवा, बाप्पा." ३५ चा तो पल्ला त्यांनी गच्चीवरच्या खोलीसाठी ठेवून दिला. तिथली चौकट नवीनच बसायची आहे, पताम हवा तेवढा काढता येईल.

कुलपाचा हिशेब पातळ पल्ल्यावर बदलतो, म्हणून तोही आधीच करून घेतला. ३२ च्या पल्ल्यात १६ ची पेटी घातली की दोन्हीकडे ८ मिमी राहतात. चालतं, पण खाच ड्रिलने सरळ रेषेत काढावी लागते. तिरकी गेली की एका बाजूला मायका फुगतो. सिलेंडर ६० चाच, दोन्हीकडे ४ मिमी बाहेर दिसेल. आतल्या दाराला मी ते चालवून घेतो. हँडलमधला चौकोनी गज आणि आरपार स्क्रू मात्र जाड दाराच्या मापाने येतात. ते ५ मिमी कापले नाहीत तर प्लेट दाराला टेकत नाही, हँडल हलतं आणि माणूस स्क्रू आवळत बसतो. २५ मिमीच्या बाथरूमच्या पल्ल्याला हे कुलूप लावायचं काकांच्या मनात होतं, ते मी सोडायला लावलं. तिथे पेटीच्या बाजूला साडेचार मिमी राहतात.

लकडगंजच्या पल्लेवाल्याला नव्या पल्ल्याची चिठ्ठी पाठवली, ती अशी: 'गॅलरी दार, एक नग. चौकटीचा पताम ३२ मिमी, सहा ठिकाणी मोजला, कमीत कमी ३१.५. कोरा पल्ला ३० मिमी, कॅलिपरने मोजून देणे. मायका १ मिमी, दोन्ही बाजू. तयार जाडी ३२ च्या वर नको.' सगळ्यात उथळ जागी अर्धा मिमी पल्ला पुढे राहणार होता, तेवढं तिथे पटाशीने खरवडून घेणार होतो. चिठ्ठीवर उंची-रुंदी खाली लिहिली, जाडी सगळ्यात वर.