भावाचे रक्तही गोठले नाही

नाशिक जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात रुजू होऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते, तेव्हाची ही गोष्ट. द्राक्षबागेत काम करणाऱ्या साधारण चाळिशीच्या एका मजुराला साडेसहाच्या सुमारास उजव्या पायाच्या घोट्याजवळ साप चावला आणि साडेसातला त्याच्या धाकट्या भावाने त्याला मोटरसायकलवर मध्ये बसवून आणले. भावाने मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला आणि म्हणाला, "अजगराचं पिल्लू होतं साहेब, आम्ही मारलं नाही." पाठीवर तपकिरी लंबगोल ठिपक्यांच्या रांगा, जाड आखूड शरीर आणि त्रिकोणी डोके पाहिल्यावर तो अजगर नसून घोणस असावी, हे माझ्या लक्षात आले. हा घोटाळा आपल्याकडे नेहमीचा आहे. तरीही फोटोवर विसंबून प्रतिविष सुरू करायचे नसते, कारण चावलेल्या प्रत्येकाच्या शरीरात विष उतरलेलेच असते असे नाही आणि प्रतिविषाचीही तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. रुग्णाच्या पावलावर बेताची सूज होती, दंशाच्या खुणा दिसत होत्या आणि रक्तस्राव कुठेच नव्हता. मग उरली ती खाटेशेजारी करायची वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी.

ऐकायला ही चाचणी अगदी सोपी आहे. शिरेतून दोन मिलिलिटर रक्त काढायचे, ते लगेच कोरड्या, स्वच्छ, साध्या काचेच्या नळीत सोडायचे, नळी खोलीच्या तापमानात उभी ठेवायची, तिला वीस मिनिटे हात लावायचा नाही आणि नंतर एकदाच तिरपी करून पाहायची. गोठलेला गोळा जागेवर राहतो, न गोठलेले रक्त पाण्यासारखे वाहते. मी रक्त काढून टेबलावरच्या स्टँडमधील नळीत सोडले आणि बाराव्या मिनिटाला उत्सुकतेने नळी उचलू लागलो. सिस्टरांनी माझा हात धरला. "डॉक्टर, हलवलीत तर परत पहिल्यापासून करावं लागेल." त्यांची नोकरी वीस वर्षांची होती आणि माझी तीन आठवड्यांची, म्हणून मी गुमान खुर्चीवर बसलो.

वीस मिनिटांनी रक्त वाहिले. मी प्रतिविषाच्या कुप्या काढायला सांगणार, इतक्यात सिस्टर म्हणाल्या, "आधी भावाचंही लावून बघू." भावाला साप चावलेला नव्हता, त्यामुळे त्याचे रक्त गोठायलाच हवे होते. ते त्याच स्टँडमधील दुसऱ्या नळीत ठेवले आणि वीस मिनिटांनी तेही वाहिले. भाऊ नळीकडे बघत राहिला आणि घाबरून म्हणाला, "साहेब, मला कुठं चावलाय? माझं रक्त का गोठंना?"

दोष नळ्यांचा होता. त्या धुवून पुन्हा वापरात आणलेल्या होत्या आणि साबणाचा अंश काचेला धरून राहिला होता. रक्त नळीत गोठू लागते ते काचेच्या पृष्ठभागाचा स्पर्श झाल्यामुळे, कारण त्या स्पर्शाने गोठण्याच्या साखळीची पहिली कडी सुरू होते. काचेवर साबणाचा थर असला किंवा नळी प्लास्टिकची असली, तर निरोगी माणसाचे रक्तही पातळ राहू शकते. जांभळ्या टोपणाच्या नळीत तर रक्त गोठू नये म्हणूनच रसायन घातलेले असते आणि घाईत तीच हाताला लागते. सिस्टरांनी कपाटातून नव्या नळ्यांचे न उघडलेले खोके आणले. साडेआठला दोघांचेही रक्त नव्याने काढले आणि यावेळी दोघांचेही गोठले.

आता माझी अडचण उलटी झाली. रुग्णाचे रक्त गोठले म्हणजे तो सुखरूप आहे, असे समजायचे का? तसे समजता येत नाही. दंशाच्या जागेतून विष हळूहळू रक्तात येते आणि सुरुवातीला चाचणी चांगली येऊन नंतर बिघडू शकते. म्हणून पहिले तीन तास ती दर अर्ध्या तासाने आणि पुढे दर तासाला करतात. नऊला तिसरी नळी लावली. तोपर्यंत सूज घोट्याच्या वर चढली होती आणि पहिल्या सुईच्या जागी लावलेला कापूस पुन्हा लाल झाला होता. नऊ वीसला नळी तिरपी केली तेव्हा रुग्णाचे रक्त काचेवरून सरबतासारखे घसरले, तर शेजारच्या नळीत भावाचा गोळा तसाच घट्ट बसून होता.

"विषानं रक्त पातळ झालं का?" असे भावाने विचारले. लोक असेच म्हणतात, पण प्रत्यक्षात घडते ते जवळजवळ उलटे. घोणशीच्या विषातील घटक रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना, विशेषतः क्रमांक दहा आणि पाच यांना, एकदम चालू करतात. त्यामुळे रक्तात ठिकठिकाणी सूक्ष्म गुठळ्या सतत तयार होत राहतात आणि शरीर त्या विरघळवत राहते. या खटाटोपात फायब्रिनोजेन, म्हणजे ज्याचे धागे होऊन गोळा बनतो ते प्रथिन, संपून जाते. नळीतले रक्त गोठत नाही, कारण गोठायला लागणारा कच्चा मालच शिल्लक नसतो. हे समजले की विष शरीरात असताना बाहेरून रक्तघटक भरून फारसे का साधत नाही, तेही कळते: विष तेही खर्चून टाकते. आधी प्रतिविषच द्यावे लागते. फुरशाच्या विषानेही शेवट असाच होतो, त्यामुळे ही नळी घोणस आणि फुरसे यांत फरक करत नाही. पण आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच असल्याने तिथे अडत नाही. नाग किंवा मण्यार चावल्यावर मात्र रक्त सहसा नीट गोठते आणि धोका पापण्या जड होण्यात नि श्वास मंदावण्यात असतो. तिथे गोठलेल्या नळीवर भरवसा ठेवणारा फसतो.

दहा कुप्या लागल्या. फेस होऊ नये म्हणून सिस्टर पावडरची प्रत्येक कुपी न हलवता तळहातांमध्ये फिरवत होत्या. अॅड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवले आणि साडेनऊला सुरू केलेले प्रतिविष तासाभरात सलाइनमधून गेले. अंगावर पित्त उठले नाही, श्वासही लागला नाही. लगेच पुन्हा नळी लावावी असे मला फार वाटत होते, पण विष निष्प्रभ झाले तरी यकृताला नवे फायब्रिनोजेन बनवायला वेळ लागतो, म्हणून पुढची चाचणी सहा तासांनी करतात. त्याआधी केलेली चाचणी फक्त घाबरवते आणि नको तितके प्रतिविष द्यायला लावते.

साडेतीनला लावलेली नळीही वाहिली. रुग्णाने चूळ भरली तेव्हा पाणी गुलाबी आले. आणखी दहा कुप्या दिल्या. घोणस मूत्रपिंडांनाही इजा करते, म्हणून लघवी बाटलीत मोजत होतो. ती कमी झाली असती तर नाशिकला डायलिसिसच्या सोयीसाठी पाठवावे लागले असते. ती पुरेशी होत राहिली.

सकाळी साडेनऊला लावलेली नळी वीस मिनिटांनी तिरपी केली, तेव्हा गोळा हलला नाही. दंशाच्या जागेत साठलेले विष पुन्हा रक्तात उतरू शकते, म्हणून दुपारी साडेतीनला आणखी एकदा पाहिले. तीही गोठली. स्नायूत सुई टोचून आत रक्त साचू नये म्हणून रात्रभर थांबवलेले धनुर्वाताचे इंजेक्शन त्यानंतर दिले, आणि टेबलावरच्या स्टँडमधील धुतलेल्या नळ्या सिस्टरांनी माझ्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकल्या.