आमची वाटचाल : चोवीस ब्लाउज आणि एक वही

कराडला घराच्या पडवीत दोन मशिनी टाकून मी शिवणकाम सुरू केलं. पहिली मोठी ऑर्डर एका भजनी मंडळाची होती, अस्तराचे चोवीस ब्लाउज, कापड आमचंच. कापड, अस्तर आणि "शिलाई दोनशे" असं बोटांवर मोजून मी साडेचारशे सांगून टाकले. काम संपलं, माझ्याकडे शिवणाऱ्या मावशींचे पैसे दिले आणि माझ्या हातात काही उरलं नाही. वर सात ब्लाउज परत आले. पहिल्या धुण्यात अस्तर आटलं होतं आणि वरच्या कापडाला चुण्या पडल्या होत्या.

त्यानंतर वही घातली. अस्तर आधी रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापायचं. आमचं सुती अस्तर मीटरमागे चारपाच सेंटिमीटर आटतं, म्हणून नव्वद लागत असेल तर पंच्याण्णव धरते.

खरा घोळ वेळेचा होता. घड्याळ लावून एक ब्लाउज शिवला तेव्हा कळलं : कटिंग, मशीन, पायपिंग, हुक, हातशिलाई, इस्त्री मिळून 2 तास 40 मिनिटं. मी दीड तास धरत होते, कारण हुक आणि हातशिलाई टीव्हीसमोर बसून होतात, ती कामात मोजायचीच नाहीत अशी सवय! चोवीस आहेत म्हणून वेळ फार वाचतो असंही नाही. मापं वेगळी असल्यामुळे थर लावून एकदम कापता येत नाही.

पुढच्या वेळी त्याच मंडळाची ऑर्डर आली तेव्हा हिशेब असा मांडला. कापड 162 रुपये, अस्तर 57, दोरा-हुक-पायपिंगची दोरी 15. (ओव्हरलॉकला दोरा भरपूर लागतो.) तासाची मजुरी 90, माझ्या तासालाही तीच. भाडं, वीज, मशीनची दुरुस्ती महिन्याच्या कामाच्या तासांवर वाटली की तासाला 25 पडतात. म्हणजे तास 115 चा आणि ब्लाउजमागे 307. दुरुस्तीला परत येणाऱ्यांसाठी 9. एकूण 550.

नफा वीस टक्के हवा होता. आधी मी 550 वर वीस टक्के चढवून 660 म्हणायचे, पण 660 मधले 110 म्हणजे विक्रीच्या जेमतेम पावणेसतरा टक्केच. विकलेल्या शंभरात वीस उरायला हवे असतील तर 550 ला 0.8 ने भागायचं : 687.50, म्हणजे 690.

मंडळाच्या काकू म्हणाल्या, "साडेसहाशे कर गं." नुसते चाळीस सोडले असते तर 140 चा नफा शंभरावर आला असता. मी म्हटलं, "काकू, पायपिंग काढूया का?" पायपिंगची पंधरा मिनिटं 29 रुपयांची, दोरी 3 ची, म्हणजे खर्च 32 ने कमी. त्याला 0.8 ने भागलं की बरोबर चाळीस. काकूंनी गळ्याचा नमुना हातात घेऊन पाहिला आणि तेवीस ब्लाउज बिनपायपिंगचे सांगितले. स्वतःचा मात्र 690 चा.